अजून अहो-जाहो असताना

प्रिय वृंदा,

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं. जिन्यातला तो प्रसंग तू इतका बारकाईनं लिहिला आहेस की तुझ्या कामावरची ती बाई मला दिसलीच. एका हातात फाईल, दुसरा हात कठड्यावर, नजर खालच्या पायऱ्यांवर. ओळख जेमतेम तीन दिवसांची, आणि एका दमात सांगून मोकळी झाली, दोनदा पोट पडलं, नवरा चार महिने धड बोलत नाही, घरी जाऊच नये असं वाटतं. तू म्हणालीस, "अहो, होईल सगळं नीट, काळजी करू नका," आणि खाली उतरलीस. आता ती दुसऱ्या जिन्यानं जाते, आणि तू विचारतेस की माझं नेमकं काय चुकलं.

तुझं ते वाक्य वाईट नव्हतं गं. आपण सगळेच असं बोलतो. पण समोरच्याला ते कसं ऐकू येतं बघ. "होईल नीट" याचा अर्थ तिच्या कानाला "आता पुरे" असा लागतो. तिनं दार उघडलं, तू ते हळूच लोटलंस. हळूच का होईना, लोटलंसच.

आधी एक मनातून काढून टाक. तू बिचकलीस यात तुझ्या मनाचा कोतेपणा नाही. जवळच्या माणसाला न सांगितलेलं लोक परक्याला सांगतात, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यानं 1908 सालीच लिहून ठेवलं होतं. परका माणूस आपल्या घरादारात गुंतलेला नसतो, म्हणून त्याच्यापाशी मन मोकळं करणं सोपं जातं. पुढे झिक रुबिन या मानसशास्त्रज्ञानं बॉस्टनच्या विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांवर एक प्रयोग केला. तो 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी प्रयोग करणारा स्वतःबद्दल चार ओळी लिहून दाखवायचा, मग प्रवाशाला स्वतःबद्दल लिहायला सांगायचा. मजकूर थोडासा खाजगी असला की प्रवासीही थोडे मोकळे व्हायचे. पण तो फारच खाजगी असला, आणि खास त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखा वाटला, की ते आखडते व्हायचे. जिन्यात तुझं तेच झालं. फरक एवढाच की विमानतळावरचा माणूस पुन्हा भेटत नाही आणि ही तुला रोज भेटणार आहे. सगळी अडचण तिथेच आहे.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. इतकं सगळं सांगतानाही ती तुला "तुम्ही" म्हणत होती. म्हणजे तिचं दुःख पुढे धावलं आणि ओळख अजून मागेच होती. अशा वेळी आपल्याला दोन मोह होतात, एक मागे पळण्याचा आणि दुसरा उडी मारून तिच्या शेजारी जाण्याचा. दुसरा जास्त फसवा, कारण तो प्रेमळ दिसतो. मी त्यातच फसले होते, ते सांगते.

तुला आठवत असेल, फोनवर लोकांचं ऐकण्याचं काम मी चार वर्षं केलं. तिथे शिकलेलं सगळं बाहेर चालतं, असा माझा समज झाला होता. तेव्हा एका शिबिरात माझ्या खोलीत एक बाई होत्या. पहिल्याच रात्री दिवा मालवल्यावर त्यांनी भावानं घरातून कसं बाहेर काढलं ते सांगायला सुरुवात केली. मी अंथरुणात उठून बसले. मग काय झालं, तेव्हा आई काय म्हणाली, तुम्ही कुठे गेलात, असं मायेनं एकेक विचारत गेले आणि त्या उत्तरं देत गेल्या. रात्रीचे दोन वाजले. शेवटी मी माझ्याही घरातलं एक दुखणं सांगितलं, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. सकाळी त्या माझ्याकडे न बघता आवरून गेल्या. उरलेले तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला फार लागलं ते. पुष्कळ दिवसांनी उमगलं की त्यांना जेवढं सांगायचं होतं त्याच्या तिप्पट मी काढून घेतलं होतं. फोनवर हे निभतं, कारण फोन ठेवला की माणूस पुन्हा अनोळखी होतो. इथे त्यांना सकाळी माझ्यासमोर केस विंचरायचे होते.

म्हणून माझं म्हणणं असं की जास्त सांगून झाल्यावर माणसाला दुसऱ्या दिवशी जी लाज वाटते, तिचा विचार आपण पहिल्याच मिनिटात करायचा. तिला जेवढं बोलायचंय तेवढं बोलू द्यायचं, पण आपण खणायचं नाही.

आता तुझा जिना घेऊ. ती बोलली आणि थांबली. पहिलं म्हणजे तूही थांब. पाय खालच्या पायरीवर असतील तर दोन्ही पाय एका पायरीवर आण, कारण अर्धवट वळलेलं अंग तोंडाआधी "निघते" म्हणून जातं. मग एकच वाक्य, तिच्याच शब्दांतलं: "दोनदा असं झालं, आणि घरात बोलायलाही कुणी नाही. फार जड गेलं असेल हो." एवढंच, त्याला शेपूट जोडायचं नाही. "पण" तर नाहीच. "वाईट वाटलं ऐकून, पण तुम्ही खंबीर आहात" यातल्या "पण"नं आधीचं सगळं पुसून जातं.

मग एखादा प्रश्न विचारायचाच असेल तर तो आत्ताचा असावा. "आज कशा आहात? हे कुणाला माहीत आहे का?" चालेल. "नवरा का बोलत नाही? डॉक्टर काय म्हणाले?" नको. आत्ताच्या प्रश्नाला ती एका शब्दात उत्तर देऊन सुटू शकते. "का" विचारलंस की तिला सगळी कहाणी उकलावी लागते आणि आपण उलटतपासणीला उभे आहोत असंही वाटतं. सल्ला तर मुळीच देऊ नकोस. तीन दिवसांच्या ओळखीत आपल्याला सुचतं ते तिला दहा जणांनी आधीच सांगितलेलं असतं. आणि "माझ्या बहिणीचंही असंच झालं होतं" हेही आवर. आपण ते धीर द्यायला म्हणतो, पण बोलणं तिच्यावरून उठून आपल्या बहिणीवर जाऊन बसतं.

वेळ नसेल तर तसं उघड सांग. लोकांना वाटतं की वेळ नाही म्हणणं निर्दयपणाचं आहे. खरं तर घड्याळाकडे चोरून बघणं त्याहून जास्त लागतं. "मला पाच मिनिटांत वर जायचंय, तोवर मी इथेच आहे" असं आधी म्हटलंस की ती त्या पाच मिनिटांत मावेल एवढंच बोलते. तिचं बोलणं मध्येच तुटत नाही आणि तुझंही लक्ष निम्मं दुसरीकडे राहत नाही. निघताना "हे तुम्ही मला सांगितलंत, ते माझ्यापाशीच राहील" म्हण, आणि खरंच ठेव. आणि दयेपोटी एकदम "तू"वर उतरू नकोस. तिनं "तुम्ही" राखलंय, तेवढा आडोसा तिचा तिला असू दे.

याला एकच अपवाद. तिचं "घरी जाऊच नये असं वाटतं" हे वाक्य मला थोडं टोचलं. बहुतेक वेळा ते थकव्याचं बोलणं असतं. पण पुन्हा तसं काही आलं, किंवा "सगळं संपवावं" असा सूर लागला, तर आडपडदा न ठेवता विचार: "जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी स्पष्ट विचारलं म्हणून माणूस सुटका झाल्यासारखा बोलतो. उत्तर "हो" असेल तर खणू नये वगैरे मी वर लिहिलेलं बाजूला ठेव. काही ठरवलंय का ते विचार, तिला एकटीला सोडू नकोस, तिच्या विश्वासातल्या माणसाला आणि डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला त्याच दिवशी जोडून दे. तिथे "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नसतं. घरात मारहाण किंवा धाक आहे असं दिसलं, तर मात्र तिला न विचारता घरच्यांशी बोलू नकोस. त्यानं धोका वाढू शकतो.

तू हेही लिहिलंस की उद्या ती रोजच असं सांगायला लागली तर काय. तसं झालं तर कळेल. तीच गोष्ट त्याच शब्दांत पुन्हा येईल, तुझी विचारपूस कधीच होणार नाही, आणि ती लांबून दिसली की तुझ्या पोटात खड्डा पडेल. त्या पोटातल्या खड्ड्याचं ऐक. तो दाबून तू ऐकत राहिलीस तर महिन्याभरानं एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून तिच्यावर खेकसशील, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागेल. त्याआधीच सांग: "कामाच्या मध्ये मला नीट ऐकता येत नाही, आणि अर्धवट ऐकायला मला आवडत नाही. आपण शुक्रवारी काम सुटल्यावर अर्धा तास बसूया?" आणि शुक्रवारी खरंच बस. मर्यादा घालून वेळ न देणं म्हणजे नुसतं टाळणं झालं. त्या बैठकीत कधीतरी समुपदेशकाचा विषय काढता येईल. पहिल्याच दिवशी काढलास तर तिला वाटेल की तिला वाटेला लावतेयस.

आता सोमवारचं. तिला गाठून "त्या दिवशी मी नीट बोलले नाही" अशी लांबलचक माफी मागू नकोस, त्यानं तिलाच तुझी समजूत घालावी लागेल. आधी एखादं साधं काम काढ. कुठला कागद कुठे मिळतो, कुठल्या तक्त्यात काय भरायचं, असलं काहीतरी विचार, नेहमीच्या आवाजात. मान तिरकी करून हळव्या स्वरात "कशा आहात?" नको. तिला कळू दे की तुझ्या नजरेत ती अजून ती फाईल घेतलेली बाईच आहे. मग निघताना, आजूबाजूला कुणी नसेल तर, एकदाच म्हण, "त्या दिवशी तुम्ही सांगितलंत आणि मी घाईत होते. लक्षात आहे माझ्या. बोलावंसं वाटलं तर सांगा, नाही वाटलं तरी काही नाही." आणि तिच्या उत्तराची वाट न बघता आपल्या जागेवर जा.

ती काही बोलणार नाही कदाचित. पण जिना कुठला धरते ते बघ, आणि मला कळव.

तुझी,
मेधा