विषय : ‘हरवले-सापडले’ कार्यालयाचे ठिकाण व वेळा यांबाबत दिलेल्या चुकीच्या माहितीविषयी तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, प्रवासी सेवा विभाग,
विमानतळ व्यवस्थापन कंपनी

महोदय,

आपली कंपनी चालवत असलेल्या विमानतळावरून गेल्या महिन्यात मी वडिलांसह प्रवास केला. सुरक्षा तपासणीच्या वेळी त्यांच्या श्रवणयंत्रांची चार्जिंगची डबी ट्रेमध्ये राहिली आणि हे आमच्या लक्षात आले ते विमान उतरल्यानंतर. यंत्रे कानात होती, परंतु अशा यंत्रांचे चार्जिंग साधारण दिवसभरच पुरते, त्यामुळे डबी लवकरात लवकर परत मिळणे आवश्यक होते. ही तक्रार डबी राहिल्याची नाही आणि ती सांभाळण्याबाबतही नाही. ती सापडली, नोंदवली गेली आणि सुस्थितीत परत मिळाली. तक्रार आहे ती ज्या कार्यालयात ती ठेवली होती, ते कार्यालय कोठे आहे आणि कधी उघडे असते, याचे खरे उत्तर आपल्या कोणत्याही अधिकृत माध्यमातून न मिळाल्याची.

आपल्या संकेतस्थळावर या कार्यालयाचा पत्ता ‘आगमन कक्ष, तळमजला’ असा असून वेळेच्या रकान्यात ‘२४ तास’ असे लिहिलेले आहे. खात्री करून घ्यावी म्हणून मी आपल्या मदत क्रमांकावर दूरध्वनी केला, तेव्हा तेथील प्रतिनिधीनेही शब्दशः तीच माहिती सांगितली. त्यांच्यासमोरही संकेतस्थळाचे तेच पान उघडलेले असावे, असे मला नंतर वाटले. एकाच चुकीच्या नोंदीवरून दोघांनी दिलेले उत्तर जुळले, म्हणून त्याला खातरजमा म्हणता येत नाही. त्या प्रतिनिधीने प्रत्यक्ष खिडकीवरील कर्मचाऱ्याला विचारले असते किंवा मला तेथील थेट क्रमांक दिला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

या माहितीवर विसंबून परतीच्या प्रवासात रात्री उतरल्यावर आम्ही सांगितलेल्या जागी गेलो. तेथे गाड्या भाड्याने देणाऱ्यांची खिडकी होती. चौकशी कक्षाने आम्हाला ‘बॅगेज’च्या खिडकीकडे जायला सांगितले. ती खिडकी सामानाच्या पट्ट्यांजवळ, सीमाशुल्क तपासणीच्या आतल्या बाजूला आहे. त्या दारातून एकदा बाहेर आलेल्या प्रवाशाला पासाशिवाय पुन्हा आत जाता येत नाही, हे चौकशी कक्षातील व्यक्तीला ठाऊक असायला हवे होते. शिवाय ती खिडकी विमान कंपनीची असते. चेक-इन केलेली बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर तेथे अनियमिततेचा अहवाल, म्हणजे ‘पीआयआर’, नोंदवतात. सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये राहिलेल्या वस्तूशी तिचा काही संबंध नसतो, आणि विमानातील आसनाच्या खिशात राहिलेली वस्तूही सहसा विमानतळाकडे न येता आधी विमान कंपनीकडे किंवा तिच्यासाठी जमिनीवरील कामे करणाऱ्या संस्थेकडे जाते. वस्तू कोठे राहिली यावर कोणाकडे जायचे हे ठरते, मात्र आपल्या फलकावर या सगळ्यांसाठी सूटकेसचे एकच चित्र आहे.

या गोंधळाचा उलट दिशेनेही फटका बसतो. बॅग फुटलेल्या प्रवाशाला कोणी ‘हरवले-सापडले’च्या खिडकीकडे पिटाळले, तर त्याची मुदत तेथे वाया जाते, कारण १९९९ च्या माँट्रियल करारानुसार चेक-इन केलेल्या सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत विमान कंपनीकडे करावी लागते.

शेवटी आम्हाला खरी माहिती दिली ती सफाईच्या पर्यवेक्षक बाईंनी. कार्यालय दुसऱ्या टर्मिनलमध्ये, प्रस्थानाच्या मजल्यावर, इमारतीत शिरण्याच्या दाराजवळ आहे, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या अलीकडे, आणि सकाळी १० ते संध्याकाळी ६ एवढाच वेळ उघडे असते, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा यातील प्रत्येक गोष्ट बरोबर निघाली. २४ तास चालू असतो तो केवळ ऑनलाइन अर्ज, असा उलगडा तेथे झाला. अर्ज कधीही भरता येणे आणि वस्तू कधीही मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आपल्या संकेतस्थळाने एकाच रकान्यात कोंबल्या आहेत.

तेथील कर्मचारी कामात चोख होते, हे मुद्दाम नमूद करते. त्यांनी नोंदवही दाखवून सांगितले की, ट्रेमध्ये राहिलेली वस्तू सुरक्षा कर्मचारी पाळी संपेपर्यंत स्वतःकडे ठेवतात व त्यानंतर नोंद करून या कार्यालयाच्या स्वाधीन करतात. म्हणून त्याच दिवशी दूरध्वनी केल्यास ‘अशी वस्तू आलेली नाही’ असे उत्तर मिळू शकते आणि त्याचा अर्थ वस्तू हरवली असा होत नाही. काही काळ दावा न आलेल्या वस्तू खिडकीमागील कपाटातून दूरच्या भांडारात हलवतात, त्यामुळे ‘वस्तू आमच्याकडे आहे’ या उत्तरानंतरही ती त्या दिवशी खिडकीवर मिळेल का, हे वेगळे विचारावे लागते. वस्तू नेण्यासाठी दुसऱ्याला पाठवायचे असेल, तर अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रे लागतात. यातले एक वाक्यही संकेतस्थळावर नसावे, याचे आश्चर्य वाटते.

माझ्या मागण्या माफक आहेत. संकेतस्थळावर टर्मिनल, मजला, सर्वांत जवळच्या दाराचा क्रमांक आणि कार्यालय सुरक्षा तपासणीच्या अलीकडे की पलीकडे, हे स्पष्ट लिहावे. केवळ ‘आगमन कक्ष’ या शब्दांवरून प्रवाशाला तेथे विनापास पोहोचता येईल की नाही हे कळत नाही. खिडकीची वेळ, दूरध्वनीची वेळ आणि ऑनलाइन अर्जाची सोय स्वतंत्र दाखवावी, सुट्टीच्या दिवशीची वेळ वेगळी असल्यास तीही द्यावी, आणि ही माहिती शेवटची कधी तपासली त्याची तारीख खाली असावी. खिडकीचा थेट क्रमांक जाहीर करावा. तो शक्य नसेल, तर मदत क्रमांकावरील प्रतिनिधीने उत्तर देण्यापूर्वी खिडकीशी बोलून घ्यावे, असा नियम करावा. जुन्या जागी निदान एक फलक लावून कार्यालय कोठे गेले ते लिहावे. कार्यालय हलवण्याला माझी हरकत नाही, पण हलवताना मागे पत्ता ठेवण्याची रीत आहे.

संकेतस्थळावरील पानाचे व जुन्या जागेचे छायाचित्र आणि वस्तू परत मिळाल्याच्या पावतीची प्रत सोबत जोडली आहे. संकेतस्थळावरील नोंद कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त होईल आणि मदत क्रमांकावरील प्रतिनिधींना बदललेला पत्ता कळवला आहे किंवा नाही, या दोन बाबींचे उत्तर कृपया लेखी द्यावे.

आपली विश्वासू,
एक प्रवासी