‘अघटित’ पडझड पुन्हा पुन्हा का होते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शेअर बाजार जोरात कोसळला की अर्थविषयक पानांवर ‘अघटित’, ‘ब्लॅक स्वॉन’ हे शब्द हमखास येतात. २३ मार्च २०२०ला सेन्सेक्स १३.१५ टक्के पडला, तेव्हाही आले. पण जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ ११ मार्चलाच जाहीर केले होते आणि १२ मार्चला सेन्सेक्स ८ टक्क्यांहून अधिक पडलाही होता. ब्लॅक स्वॉन म्हणजे कोणाच्या हिशेबातच नसलेली घटना. ही तशी नव्हती.

खरी चूक हिशेबाच्या पद्धतीत आहे. जोखीम मोजताना रोजची चढउतार घंटेच्या आकाराच्या वक्रात बसते, म्हणजे बहुतेक दिवस सरासरीच्या आसपास आणि टोकाचे दिवस अतिदुर्मीळ असतात, असे धरले जाते. सेन्सेक्सचे दैनंदिन प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून रोज साधारण किती हलतो त्याचे माप, दीड टक्का मानले, तर एका दिवसात त्याच्या पाचपटीहून, म्हणजे साडेसात टक्क्यांहून मोठी हालचाल, वर किंवा खाली, सुमारे सात हजार वर्षांतून एकदा व्हायला हवी. प्रत्यक्षात मे २००४, ऑक्टोबर २००८, मे २००९ आणि मार्च-एप्रिल २०२० एवढ्यातच अशा नऊ हालचाली झाल्या. मे २००९ची तर १७ टक्क्यांची उसळी होती!

माणसांच्या उंचीला हा वक्र चपखल बसतो, कारण एकाच्या उंचीने दुसऱ्याची उंची बदलत नाही. बाजारात नेमके उलटे घडते. भाव पडला की उधारीवर सौदे केलेल्यांचे मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवलेली अनामत, अपुरे पडते. पैसे भरले नाहीत तर ब्रोकर त्यांचे शेअर विकून टाकतो, त्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि पुढच्याचे मार्जिन संपते. २३ मार्चला सकाळीच १० टक्क्यांचे लोअर सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटे थांबले; सुरू झाल्यावर बाजार आणखी घसरला. शिवाय वादळी दिवस एकमेकांना लागून येतात, त्यामुळे शांत काळातल्या आकड्यांवर काढलेली सरासरी ऐन वेळी दगा देते.

वक्राच्या टोकाकडे हा फरक विलक्षण वाढतो. घंटाकृती वक्रात तीन प्रमाण विचलनांपलीकडच्या घटनेपेक्षा सहांपलीकडची सुमारे चौदा लाख पटींनी दुर्मीळ असते. शेअर बाजारांच्या अभ्यासांत मात्र हालचाल दुप्पट मोठी घेतली, तर ती ढोबळमानाने आठ पटींनीच दुर्मीळ होते. ‘जाड शेपूट’ म्हणतात ते हेच. अर्थात, हा नियम तारीख सांगत नाही आणि टोकाच्या घटना मुळात थोड्या असल्याने ‘आठ’ हा आकडाही अंदाजेच घ्यावा लागतो.

म्हणून एक कळकळीची विनंती. म्युच्युअल फंडांच्या तक्त्यात आपण परताव्याशेजारी प्रमाण विचलन छापता, तिथे त्या फंडाचा आजवरचा सर्वांत वाईट दिवस आणि सर्वांत वाईट महिनाही छापावा. निवृत्तीची पुंजी गुंतवणाऱ्याला आपण किती तोटा सोसू शकतो, हे त्या दोन आकड्यांवरून अधिक चांगले ठरवता येईल.

आपला,
एक वाचक, पुणे