‘आपला तो बाब्या’ या म्हणीचा अर्थ दाखवणाऱ्या आबांना

आदरणीय आबा,
सप्रेम नमस्कार.

सूतगिरणीतून निवृत्त होऊन आपण धुळ्यात स्थायिक झालात, त्याला आता बराच काळ लोटला. आपले आभार समोरासमोर मानायला गेलो की आपण विषय कापसाच्या भावाकडे वळवता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांच्यावरच देखरेख करण्याची वेळ आज ज्यांच्यावर आली आहे, त्यांनाही ते उपयोगी पडावे अशी इच्छा आहे.

2017 च्या एप्रिल महिन्यात मला रिंग फ्रेम खात्याचा, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांच्या खात्याचा, सुपरवायझर करण्यात आले. त्याआधी नऊ वर्षे मी त्याच खात्यात सायडर होतो, म्हणजे चात्यांवर तुटलेले सूत जोडत फ्रेमच्या दोन्ही बाजूंनी फेऱ्या मारणे हेच माझे काम होते. पहिल्याच रात्रपाळीत एक जुना सोबती सर्वांसमोर म्हणाला, “आते तू साहेब व्हयना ना भाऊ!” तो प्रेमाने म्हणाला की टोचून, हे मला कळले नाही आणि मी उगाच ताठ झालो. वरिष्ठांपैकी एकाने ‘अतिपरिचयात् अवज्ञा’ हे वचन ऐकवून सांगितले होते की, यापुढे त्यांच्यात बसून चहा पिऊ नकोस. तो सल्ला मी पाळला, आणि मनाने मात्र दोन-तीन जिवलगांच्या बाजूने झुकत राहिलो. बाहेरून अंतर आणि आतून पक्षपात, असा तो प्रकार होता.

आमच्या पाळीत 12 फ्रेम होत्या, प्रत्येकीवर 1008 चात्या, आणि एका सायडरकडे दोन फ्रेम. सूत कोनांवर गुंडाळणाऱ्या कोन वाइंडिंग खात्याकडे जाणाऱ्या दाराजवळच्या 9 आणि 10 नंबरच्या फ्रेमवर सूत फार तुटायचे. त्या जिवलगांपैकी एका जोडीदाराला मी 3 आणि 4 नंबरच्या फ्रेम दिल्या आणि दाराजवळच्या दोन्ही फ्रेम एका अबोल सायडरच्या गळ्यात घातल्या. पंधरा दिवसांनी तुटीचा हिशेब पाहून मी त्याच सायडरला खात्याच्या मधोमध उभे करून बोललो आणि जोडीदाराचे उदाहरण त्याच्या तोंडावर मारले. उत्पादनावर मिळणारा जादा भत्ताही त्या महिन्यात त्याचाच कमी झाला.

हे सारे आपल्या कानावर गेले आणि आपण मला घरी बोलावून घेतलेत. आपण रागावला नाहीत. “आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आई-बापांसाठी आहे असं लोकांना वाटतं, पण ती खरी सुपरवायझरला लागू पडते,” असे म्हणून आपण मला तीन कामे सांगितलीत. 4 आणि 9 नंबरच्या फ्रेमसमोर प्रत्येकी एक तास उभे राहून स्वतः तुटी मोजायच्या. पाळी संपल्यावर प्रत्येक फ्रेमच्या न्युमाफिलच्या पेटीतला कापूस वेगवेगळा तोलायचा, कारण सूत तुटले की जोडेपर्यंत येणारा कापूस त्या पेटीत ओढला जातो आणि त्या वजनाशी कोणालाही वाद घालता येत नाही. त्यानंतर एक आठवडा माणसे अदलाबदल करून हीच मोजणी पुन्हा करायची.

मी मोजले. 4 नंबरवर तासाला 30 तुटी होत्या, म्हणजे शंभर चात्यांमागे सुमारे तीन, तर 9 नंबरवर 70, म्हणजे सुमारे सात. माणसे बदलली तेव्हा माझा ‘बाब्या’ 9 नंबरवर तासाला 66 तुटींशी झुंजत होता आणि मी ज्याला बोललो होतो तो 4 नंबरवर 29 तुटींत पाळी शांतपणे पार पाडत होता. पेट्यांच्या वजनांनीही तेच सांगितले. दोष माणसाचा असता तर तो माणसाबरोबर दुसऱ्या फ्रेमवर गेला असता. तो जागच्या जागी राहिला, म्हणून तो फ्रेमचा होता.

मग ओल्या आणि कोरड्या बल्बचे थर्मामीटर घेऊन मी खात्यात फिरलो. 4 नंबरजवळ हवेतील आर्द्रता 58 टक्के होती आणि दाराजवळ फक्त 46. खानदेशातला एप्रिल, त्यात दार सतत उघडे आणि त्या टोकाची हवा ओलसर ठेवणारी पाण्याची नोझल क्षारांनी बुजलेली. कोरड्या हवेत तंतू विस्कटतात, उडतात आणि सूत तुटते, हे मला सायडर म्हणून ठाऊक होते, पण सुपरवायझर होताच मी ते विसरलो होतो. नोझल साफ केल्यावर 9 नंबरच्या तुटी 45 वर आल्या, आणि रिंगवरच्या सूत ओवलेल्या बारीक कड्या, म्हणजे झिजलेले ट्रॅव्हलर, बदलल्यावर 34 वर. उरलेला थोडा फरक शेवटपर्यंत राहिला, म्हणून दर सोमवारी फ्रेम फिरवण्याचा तक्ता खात्याच्या दाराशी लावला. तक्त्यात माझ्या जोडीदाराचे नाव सर्वांत आधी 9 नंबरसमोर लिहा, असे आपणच सुचवले होते.

तो पुढे दोन महिने माझ्याशी बोलला नाही. आमची मैत्री पूर्वीसारखी झाली नाही, हेही येथे लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

त्या अबोल सायडरची क्षमा मागायची होती, तेव्हा ती एकांतात मागावी असे मला वाटत होते. आपण म्हणालात की, वड्याचे तेल वांग्यावर काढले ते चार लोकांत, मग परतफेड कोपऱ्यात कशी होईल? पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसे समोर असताना, मी मोजणीचे आकडे वाचून दाखवले आणि माझी चूक झाली असे सांगितले. तो काहीच बोलला नाही, फक्त मान हलवून फ्रेमकडे गेला. कापला गेलेला भत्ता त्याला मिळावा म्हणून मी कार्यालयात लेखी अर्ज दिला. रक्कम पुढच्या पगारात जमा झाली.

एका बाबतीत मात्र मी आपल्याशी वाद घातला होता. गुडघे दुखणाऱ्या एका ज्येष्ठ सायडरलाही तक्त्याप्रमाणे फिरवावे, नाहीतर पुन्हा पक्षपात होईल, असे माझे म्हणणे होते. ‘हाताची पाचही बोटे सारखी नसतात’ ही म्हण सवलती वाटण्यासाठी लोक सोयीने वापरतात, म्हणून मला तिची भीती वाटत असे. आपले उत्तर मला आजही पटते: सवलत द्यायची की नाही हे बोटांनी मिळून ठरवावे, एकट्या मनगटाने नव्हे. मी पाळीतल्या सर्वांना विचारले आणि त्यांना 1 व 2 नंबरच्या फ्रेम कायमच्या देण्यास पाचही जणांनी होकार दिला, माझ्या जोडीदारानेसुद्धा.

त्या पावसाळ्यात आमच्या पाळीचे उत्पादन वाढले आणि व्यवस्थापकांनी बैठकीत माझे नाव घेतले. मी आनंदाने आपल्याला फोन केला, तेव्हा आपण एवढेच म्हणालात, “ज्याच्या हाती ससा तो पारधी.” पुढच्या बैठकीत मी फिरणीचा तक्ता आणि सहाही जणांच्या तुटींचे आकडे सोबत नेले आणि त्यांची नावे वाचली. तेव्हापासून प्रत्येक बैठकीला ती वही माझ्याबरोबर असते.

आबा, आखाजी जवळ येत आहे आणि रजेचे अर्ज माझ्या टेबलावर आहेत. गेल्या वर्षी ज्यांना सणाला रजा मिळाली नव्हती त्यांची नावे वर लिहिली आहेत. त्या यादीत मीही आहे, पण माझा अर्ज सर्वांत खाली ठेवला आहे. रजा मिळाली तर सणाला, नाहीतर पुढच्या रविवारी, आपल्या पाया पडायला येईन.

आपला,
रिंग फ्रेम खात्यातील एक सुपरवायझर