अर्जुन नव्हे, ऐन (निदान दोन तरी)

शिरपूर,
होळीनंतरचा चौथा दिवस

प्रिय अण्णा,

काय भो, कसा शेस? पुण्याला पोचल्याचा फोन आला, त्यात भरिताची वांगी प्रवासात दबली एवढंच कळलं. कळण्याच्या पिठाचं काय झालं ते वहिनींना विचारून सांग.

हे पत्र लिहितोय ते एक चूक निस्तरायला. चूक माझी आहे, आणि तुझ्या लेकीने ती एव्हाना वहीत लिहूनही टाकली असेल, म्हणून घाई. भोंगऱ्या बाजार पाहून परतताना आपण अनेरच्या त्या नाल्यात उतरलो होतो. तिथे वाळूत तिला पाच पंखांची वाळकी फळं सापडली. "काका, ही कसली शेंग?" असं तिने विचारलं. मी मान वर केली, डोक्यावर अर्जुनाचं झाड दिसलं, आणि "अर्जुनाचं फळ" असं सांगून मोकळा झालो. झाडाखाली सापडलं म्हणजे त्याच झाडाचं, हे गृहीत धरायला तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला लाज वाटायला हवी होती.

तिच्या चार फळांपैकी एक ती घेऊन गेली. तीन आमच्या ओट्यावर पिशवीत राहिली. परवा संध्याकाळी चहा घेता घेता एक हातात घेतलं आणि काहीतरी खटकलं. अर्जुनाच्या मानाने पंख फारच रुंद वाटले. मग चष्मा आणला, मुलाच्या पेटाऱ्यातलं हॅक्सॉचं पान आणलं आणि बसलो.

पहिली गोष्ट, ही शेंग नव्हे. पुष्कळ शेंगा वाळल्या की दोन शिवणींवर उकलतात, आणि शेंगेत बिया ओळीने असतात. बाभूळ, बहावा, शिरीष आठव. हे फळ कितीही वाळलं तरी उकलत नाही. मधोमध लाकडासारखा कठीण गाभा, त्यात फार तर एक बी, आणि गाभ्याच्या लांबीभर पाच उभे पंख. वरून पाहिलं की चांदणी दिसते. आपल्या रानात पंखवाली फळं आणखीही आहेत. वावळाचं फळ गोल, कागदासारखं, फुंकर मारली की उडेल असं. बिबळ्याचं चपटं, जुन्या नाण्याएवढं, मध्ये जाड आणि भोवती चक्राकार पंख. पण पाच उभे पंख आणि लाकडासारखा टणकपणा म्हटलं की इकडे दोनच नावं डोळ्यांपुढे येतात: अर्जुन आणि ऐन.

आता गंमत अशी की ही दोन्ही भावकीतली झाडं. शास्त्रात दोघांच्या प्रजातीचं नाव टर्मिनालिया. फांद्यांच्या टोकाशी पानांचे झुपके येतात, म्हणून लॅटिनमधल्या 'टोक' या शब्दावरून ते पडलं. हिरडा आणि बेहडाही त्याच घरातले, पण त्यांच्या फळांना पंख नाहीत. हिरडा वाळला की त्याच्यावर नुसते कंगोरे उठतात. आपल्या बोलीत तर घोळ आणखी मोठा आहे. सादडा हे नाव कुणी ऐनाला देतो, कुणी अर्जुनाला, आणि अर्जुनसादडा म्हणणारेही आहेत. नाल्यावर गुरं घेऊन बसलेल्या त्या म्हाताऱ्याने आपल्याला "सादडा" सांगितलं, ते चूक नव्हतंच. मीच ऐकून घेतलं ते अर्जुन म्हणून.

एक फळ मी मधोमध आडवं कापलं. कापलेला तुकडा कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. गाभा बारीक निघाला आणि पंख पातळ, लांब. गाभ्यापासून कडेपर्यंत पट्टी लावली तर दीड सेंटीमीटरच्या वर भरलं. फळाची लांबी होती साडेचार. आत बी नव्हतं, नुसती पोकळी. ऐनाच्या फळात असं बरेचदा होतं, त्यामुळे बी नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. अर्जुनाचं फळ कापलं की चित्र उलटं दिसतं: गाभा भरदार, आणि पंख आखूड, जाड, चिवट, हाताला बोथट लागणारे. लांबीवरून मात्र काही ठरवू नकोस. दोन्हीकडे तीन ते पाच सेंटीमीटरची फळं मिळतात, त्यामुळे मोठं ते ऐन आणि लहान ते अर्जुन, असा हिशेब चालत नाही.

रुंदीवरूनही मी लगेच नाव दिलं नसतं, कारण नदीत घासून पंखाची कड झिजते. रुंद पंखही झिजला की अरुंद दिसतो. खरा साक्षीदार म्हणजे पंखावरच्या रेषा. फळ पाण्यात पाच मिनिटं भिजव, फडक्याने टिपून घे आणि खिडकीशी तिरक्या उजेडात धर. पंखावर बारीक बारीक रेषा उठून दिसतात, जणू कुणी सुईने ओरखडे काढलेत. ऐनाच्या पंखावर त्या गाभ्यापासून निघून सरळ कडेकडे जातात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या. अर्जुनाच्या पंखावर त्या वळतात. गाभ्यातून निघून वरच्या अंगाला झुकत झुकत कडेला मिळतात.

वरचं अंग कोणतं, हा प्रश्न ती विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. देठाची खूण ज्या टोकाला आहे ते खालचं. तिथे तुटल्यासारखा छोटा डाग असतो. फळ उलटं धरलं तर अर्जुनाच्या रेषा खाली वळलेल्या दिसतील, पण वळलेल्या दिसतीलच. म्हणजे उलटं-सुलटं चुकलं तरी सरळ की वाकडी एवढा निकाल बदलत नाही. फक्त टोकांकडच्या रेषा पाहू नको. पंख तिथे निमुळता होतो, आणि ऐनाच्याही रेषा जराशा कललेल्या वाटतात. पंखाची मधली पट्टी बघायची, आणि पाचांपैकी निदान तीन पंख तपासायचे. एका पंखावर मला चिखलाचा पापुद्रा रेषेसारखा दिसला, जुन्या टूथब्रशने घासल्यावर निघून गेला.

रंगावर भरवसा ठेवू नको. लहानपणी आपल्याला रंग आधी दिसतो, म्हणून आपण रंगावरून नाव ठेवतो. या फळाचा रंग झाडावर हिरवट, उतरताना तपकिरी, आणि दोन पावसाळे वाळूत काढले की राखाडी, जवळजवळ चुन्यासारखा. पिशवीतल्या तिघांपैकी दोन करडी होती आणि एक काळपट तपकिरी. मी आधी वाटण्या अशाच केल्या, काळपट ते अर्जुन, करडी ती ऐन. रेषा पाहिल्या तर त्या काळपट फळाच्या अगदी आडव्या. ते निघालं ऐन, यंदाच पडलेलं आणि ताजं, एवढंच. उरलेल्या दोन करड्यांपैकी एक, कापलेलं, ऐनाचंच. दुसऱ्याचे पंख आखूड, रेषा वळलेल्या, गाभा गोटीसारखा. ते मात्र अर्जुनाचं. म्हणजे एकाच ओंजळीतली तीन फळं, आणि झाडं दोन.

मग काल सकाळी मोटरसायकल काढली आणि पुन्हा नाल्यावर गेलो. (घरातून बोलणी खाल्ली, ती वेगळी.) नाल्याच्या काठावर अर्जुन आहे तो आहेच. पांढुरकं, गुळगुळीत खोड, सालीचे पातळ पापुद्रे सुटलेले. अर्जुन या शब्दाचा अर्थच मुळी पांढरा, आणि तो त्याला शोभतो. पण वर, उतारावर चढून गेलं की पन्नास-साठ पावलांवर दोन काळपट झाडं आहेत. त्यांच्या सालीला उभ्या-आडव्या खोल भेगा, चौकोनी तुकडे पडलेले. मगरीच्या पाठीवर हात फिरवावा तसं वाटतं. खाली वाळक्या पानांचा खच होता. एक पान उलटं करून पाहिलं, तर मधल्या शिरेवर देठाजवळ दोन फुगीर गाठी. तो ऐन. पाऊस आला की उतारावरून फळं वाहत नाल्यात येतात आणि अर्जुनाच्या मुळांशी अडकतात. आपण तिथेच उभे होतो.

तू म्हणशील, एवढ्या झाडांपर्यंत गेलास तर फळावर एवढा खल कशाला? कारण तिच्याकडे झाड नाही, फळच आहे. आणि खरं सांगू का, मलाही फळावरून खात्री झाली होती. झाडापाशी गेलो तो मन शांत व्हावं म्हणून.

फळावरून कुठवर जाता येतं ते मात्र तिला नीट सांग. ऐन की अर्जुन एवढं ठरतं. पुस्तक उघडलं की ऐनाला टर्मिनालिया टोमेंटोसा, एलिप्टिका, क्रेन्युलाटा अशी दोन-तीन नावं दिलेली आढळतील. त्यातलं कुठलं लिहायचं हा तिच्या फळाचा प्रश्न नव्हे, नावं ठेवणाऱ्यांचा आहे. रेषा पाहून वहीत तिने 'ऐन' की 'अर्जुन' ते लिहावं, खाली 'अनेरचा नाला, मार्च' लिहावं आणि पंखाची रुंदी टाकावी. कोकणात गेली तर किंजळ भेटेल, तोही याच घरातला, पण त्याच्या फळाला पंख तीन आणि त्यातला एक मोठा. तो आपल्याकडच्या या दोघांत मिसळायचा नाही.

आणि तिच्याकडचं चौथं फळ? ते मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्याचं नाव मी सांगणार नाही. या पत्राबरोबर कापलेल्या ऐनाचा अर्धा तुकडा आणि अखंड अर्जुनाचं फळ डबीत घालून पाठवतोय. पापडांच्या पिशवीत तळाशी आहेत, वहिनी कचरा समजून फेकणार नाहीत असं बघ. तिला म्हणावं, तिन्ही शेजारी ठेव, ओली कर, रेषा बघ आणि मला फोन कर. आखाजीला आलात की उतारावरचं झाड दाखवतो.

तुझा,
बापू