सोळा वर्षांच्या पैलवानाचे उत्तर चुकले आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जोड्या लावायचा प्रश्न आला होता. एका बाजूला तीन छोटे प्रसंग आणि दुसऱ्या बाजूला अपघात, गरज व संमती हे भारतीय न्याय संहितेतले तीन अपवाद. माझ्या पुतणीने तो सोडवला, आपल्या उत्तरसूचीशी ताडून पाहिला आणि तीनपैकी तीन गुण घेतले. सरकारी वकिलीतून निवृत्त झालो तरी जुनी खोड जात नाही, म्हणून मीही तो वाचला. माझ्या मते एक उत्तर चूक आहे आणि उरलेली दोन अर्धीच बरोबर आहेत.

पहिला प्रसंग असा: लाकूड फोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लागून तो दगावला. उत्तर दिले आहे ‘अपघात, कलम 18’. हे उदाहरण जुन्या दंड संहितेच्या कलम 80 पासून चालत आले आहे, म्हणून ते पाठ असते. पण कलमातली निम्मी अट सूचीत गळाली. कृत्य कायदेशीर हवे, ते कायदेशीर रीतीने व साधनांनी केलेले हवे, आणि त्यात योग्य ती काळजी घेतलेली हवी. पाचर सैल झाल्याचे सकाळीच दिसले होते आणि ‘आजचा दिवस निघेल’ म्हणून तीच कुऱ्हाड उचलली, तर पाते उडाले हे खरे असूनही कलम 18 मदतीला येत नाही. तिथून हयगयीने मृत्यू घडवल्याचे कलम 106 सुरू होते. बोलताना आपण मुद्दाम न केलेल्या प्रत्येक गोष्टीला अपघात म्हणतो, बातम्यांतही तसेच छापून येते. कायद्यातला अपघात त्याहून बराच अरुंद आहे. भांडणात एकाला मारायला उगारलेला ठोसा चुकून कडेवरच्या बाळाला लागला, तर तोही या कलमातला अपघात नव्हे. मारहाण हे मुळात कायदेशीर कृत्यच नाही.

दुसरा प्रसंग घाटातला. ट्रकचे ब्रेक लागेनात, समोर रस्त्यावर दिंडी, डावीकडे चहाच्या टपरीपाशी दोन माणसे. चालकाने ट्रक डावीकडे घेतला. उत्तर ‘गरज, कलम 19’. कायद्यातल्या जहाजाच्या कप्तानाला इथे घाटात आणून बसवले आहे, ते मला आवडले. मूळ उदाहरणात समोरच्या होडीत वीस-तीस माणसे आहेत, वळले तर वाटेत येणाऱ्या दुसरीत दोनच, आणि जहाज थांबवणे अशक्य झाले आहे. अपघातात करणाऱ्याला परिणामाची कल्पना नसते. गरजेत ती पुरेपूर असते, आपण वळलो तर त्या दोघांना धोका आहे हे चालकाला दिसते आहे. तरीही तो सुटू शकतो, कारण त्या दोघांना इजा करायचा त्याचा हेतू नाही आणि मोठी हानी टाळण्यासाठीच तो सद्भावनेने वळला. हानी इतकी मोठी आणि इतकी जवळ येऊन ठेपली होती का, हे त्या त्या खटल्यातल्या वस्तुस्थितीवर ठरते.

पण उदाहरणात काही शब्द आहेत, परीक्षेत बहुतेकांच्या नजरेतून निसटणारे: कप्तान त्या पेचात ‘स्वतःची चूक किंवा हयगय नसताना’ सापडलेला असतो. ब्रेक धरत नाहीत हे घाट लागण्यापूर्वीच चालकाला ठाऊक असेल, तर शेवटच्या वळणावर घेतलेला शहाणा निर्णय त्याला या कलमाचे संरक्षण देणार नाही. आपल्या प्रश्नात ब्रेक कधीपासून बिघडले होते याचा पत्ताच नाही. एक वाक्य वाढवले असते तर प्रश्न पक्का झाला असता.

गरजेच्या नावाखाली काय खपत नाही, याचा आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा 1868 मधला एक निकाल आहे. एकाच्या ताडीच्या मडक्यांतून चोरी होत असे. चोर सापडावा म्हणून त्याने मडक्यांत विषारी चीक घातला. ती ताडी भलत्याच वाटेने विकली गेली आणि पिणाऱ्या शिपायांना बाधली. चोरी थांबवणे ही माझी गरज होती, हा बचाव टिकला नाही. पिणाऱ्याला त्रास व्हावा हाच चीक घालण्यामागचा हेतू होता, आणि हेतू आला की गरजेचे कलम संपते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले तो तिसरा प्रसंग. जत्रेच्या फडात सोळा वर्षांच्या पैलवानाशी एकाची कुस्ती लागली. पंचांच्या देखत नियमातल्या डावाने त्याला पाठीवर टाकताना मानेला मार बसून मुलगा गेला. आपले उत्तर ‘संमती, कलम 25’. हे चूक आहे. कलम 25 मधली संमती अठरा वर्षांवरील माणसाचीच चालते, आणि मृत्यू किंवा जबर दुखापत होण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला ठाऊक नसले पाहिजे. मुलगा हौसेने लंगोट बांधून उतरला असला, वडील फडाच्या कडेला उभे असले, तरी हे कलम लागू होत नाही. पालकाच्या संमतीचे कलम 27 बारा वर्षांखालील मुलासाठी किंवा मनोरुग्णासाठी आहे आणि तेही त्याच्या हितासाठी केलेल्या कृत्यापुरते.

मग समोरचा पैलवान अडकला का? नाही. त्याला कलम 18 वाचवते. कुस्ती कायदेशीर, डाव नियमातला, काळजी घेतलेली, हेतू नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1950 मध्ये कुस्तीतल्या मृत्यूच्या अशाच प्रकरणात आरोपीला सोडताना अपघात आणि संमती या दोन्ही कलमांचा आधार घेतला होता. सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्यातला दुसरा आधार गळतो, पहिला उरतो. पंचांनी शिट्टी दिल्यावरही पकड सोडली नसेल, तर तोही गळतो.

यात एक गंमत आहे. त्याच मुलाचे अपेंडिक्स काढायचे असेल तर त्याची स्वतःची संमती फौजदारी कायद्यापुरती चालू शकते. हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृत्याच्या कलम 26 मध्ये अठराची अट नाही, आणि कलम 28 वयावरून सहसा बारा वर्षांखालच्यांचीच संमती बाद करते. रुग्णालये आईवडिलांची सही घेतात ती अन्य कारणांनी, आणि घ्यावीच. म्हणजे अठराचा आकडा खेळाच्या संमतीसाठी आहे, उपचाराच्या नव्हे. या कलमातही सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, त्यात योग्य सावधगिरी आलीच. 1887 मध्ये एका कविराजाने, म्हणजे बंगालातल्या वैद्याने, साध्या सुरीने मूळव्याध कापली, रुग्ण रक्तस्रावाने गेला. रुग्णाची संमती होती, तरी कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने कविराजाला जुन्या दंड संहितेतल्या याच तरतुदीचा लाभ दिला नाही.

खटल्यात हे अपवाद शाबीत करायचा भार आरोपीवर असतो, पण सरकार पक्षाइतका कडक पुरावा त्याच्याकडून मागत नाहीत. आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे इतके दिसले तरी पुरते. हे सूचीत नव्हते, तेवढ्यावरून तक्रार नाही.

पैलवानाच्या प्रसंगाचे उत्तर मात्र पुढच्या रविवारी दुरुस्त करावे. प्रश्न तसाच राहू द्या, तो चांगला आहे. नुसते ‘संमती’ खोडून ‘अपघात, कलम 18’ करा आणि वय सोळा असल्याने कलम 25 का लागत नाही, हे एका ओळीत द्या. पुतणीने एक गुण परत करायची तयारी दाखवली आहे.

आपला,
एक निवृत्त सरकारी वकील, सातारा