चहातला 'इट' कोणी प्याला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचं विद्यार्थी पान आमच्या घरी कात्रीने कापून वहीत चिकटवलं जातं. म्हणून कालपर्यंत गप्प होते. पण काल नात शाळेतून तोंड पाडून आली. तिचा एक गुण गेला होता, आणि तो तुमच्यामुळे.

'टू काढून वाक्य पुन्हा लिहा' हा तुमच्या गेल्या खेपेचा स्वाध्याय. वाक्य नेहमीचंच, 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक.' तुम्ही उत्तर छापलंत, 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक.' नातीने शाळेत हेच वाक्य सोडवताना शेवटी 'इट' लिहिलं. टीचरने लाल पेनाने 'इट' खोडला आणि तुमचं कात्रण वर्गात वाचून दाखवलं. पेपरात छापून आलंय म्हटल्यावर नववीतल्या पोरीने काय बोलायचं?

मी फोंड्यात तीस वर्षं इंग्रजीची शिकवणी घेतली, म्हणून मी बोलते. 'आय कॅनॉट ड्रिंक' या वाक्यात चहाच नाही. इंग्रजीत 'ड्रिंक'पुढे काय ते सांगितलं नाही, तर ऐकणारा दारूच समजतो. म्हणजे तुमच्या उत्तराचा अर्थ असा निघतो, की चहा इतका गरम आहे की मला दारू पिता येत नाही. गोव्यातल्या पेपरात हे छापून आल्यावर हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

ही चूक होते कशी तेही सांगते, कारण टीचरला बोल लावून मोकळं होणं मला पटत नाही. आपण मराठीत म्हणतो, 'चहा इतका गरम आहे की पिववत नाही.' या 'पिववत नाही'त पिणारा 'मी' नाही आणि प्यायचा 'तो'ही नाही. दोघेही न बोलता समजले जातात, आणि मराठीत ते शोभतंही. मुलं हेच वाक्य डोक्यात धरून इंग्रजीत उतरवतात. पिणारा 'आय' त्यांना आठवतो, कारण कर्ता हवाच हे पहिलीपासून घोकलेलं असतं. चहा मात्र मागे राहतो.

इंग्रजीत 'दॅट'च्या पुढे नवं, पुरं वाक्य सुरू होतं. माझ्या शिकवणीत मी मुलांना 'दॅट'पर्यंतच्या सगळ्या शब्दांवर तळहात ठेवायला सांगत असे. जे उघडं उरेल ते एकट्याने उभं राहतं का बघा. 'आय कॅनॉट ड्रिंक इट' उभं राहतं, त्यात पिणारा आहे आणि प्यायची वस्तूही आहे. 'इट' काढा, की वाक्य लंगडतं, नाहीतर ताडीमाडीच्या दुकानात जातं.

आता गंमत अशी, की मुलांना 'इट' एकदा पटला की ती तो सगळीकडे लावतात. मग 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक इट' असं येतं, आणि तेही चूकच. इथे 'टू ड्रिंक' हे स्वतंत्र वाक्य नाही, ते आधी आलेल्या चहालाच बांधलेलं आहे. प्यायची वस्तू वाक्याच्या तोंडाशी एकदा येऊन गेली, ती पुन्हा कशाला? मात्र 'शी इज टू टायर्ड टू ड्रिंक टी' यात शेवटी 'टी' हवाच, कारण इथे सुरुवातीला बसलेली बाई चहा पिणारी आहे, प्यायची वस्तू नव्हे. वाक्याच्या तोंडाशी बसलेलं माणूस किंवा वस्तू काय करतेय, पिते की प्याली जाते, एवढं विचारलं की 'इट'चा प्रश्न सुटतो. यासाठी वेगळा नियम पाठ करावा लागत नाही.

तुमच्या पानावर चौकटीत लिहिलं होतं, 'पहिला टू काढा, सो घाला, दुसऱ्या टूच्या जागी कॅनॉट घाला.' हे वाचून माझा एक जुना विद्यार्थी आठवला. वाक्य होतं, 'ही इज टू प्राउड टू बेग.' वर्गातल्या सगळ्यांनी 'सो प्राउड दॅट ही कॅनॉट बेग' असं लिहिलं. हा मागच्या बाकावरून म्हणाला, 'टीचर, त्याला हात नाहीत का?' सगळे हसले, मीही हसले. पण पोरगा बरोबर होता. मानी माणूस भीक मागू शकत नाही असं नाही, तो मागणार नाही. तिथे 'विल नॉट बेग' हवं. चहा गरम असेल तर पिता येत नाही, माणूस मानी असेल तर तो मागत नाही. 'टू'च्या पोटात नकार असतो हे खरं, पण तो कुठला नकार हे वाक्य वाचून कळतं, चौकट वाचून नाही. (तो पोरगा आता बोटीवर आहे. चवथीला सुट्टी मिळाली तर येऊन भेटतो.)

नकार 'टू'च्या पोटात असतो म्हणून आणखी एक घोटाळा होतो, तोही तुम्ही केलात. स्वाध्यायाच्या दुसऱ्या भागात उलटं करायला सांगितलंत, 'सो... दॅट'चं 'टू' करा. त्यात वाक्य दिलंत, 'द टी वॉज सो हॉट दॅट इट बर्न्ट माय टंग.' संपादकसाहेब, याचं 'टू' होतच नाही. 'टू हॉट टू बर्न माय टंग' म्हणजे चहा इतका गरम की जीभ भाजलीच नाही. 'दॅट'नंतर नकार असेल तरच वाक्य 'टू'कडे वळतं. जीभ भाजली हा होकार आहे, त्याला 'सो'शिवाय घर नाही. तुमच्या उत्तरपत्रिकेत या प्रश्नापुढे काय छापलंय ते मी पाहिलं, पण इथे पुन्हा लिहिणार नाही.

'सच'चं मी सोडून देणार होते, पण तुमचं ते फेरीबोटीचं वाक्य सोडवत नाही. 'इट वॉज सच अ बॅड वेदर दॅट द फेरी स्टॉप्ड.' आपल्या मराठीत एकाच 'इतका'ने भागतं. दिवस इतका वाईट होता, इतका वाईट दिवस होता, दोन्हीकडे 'इतका'च. इंग्रजीत शेवटी नाम आलं की 'सच', नुसतं विशेषण राहिलं की 'सो'. एवढं तुम्हाला ठाऊक आहे, हे दिसतं. पण 'सच'नंतर 'अ' हा शेपटासारखा येतोच असं तुम्ही धरून चाललात. 'वेदर' मोजता येत नाही. एक हवामान, दोन हवामानं असं इंग्रज म्हणत नाही, म्हणून 'सच बॅड वेदर'. दिवस मोजता येतो, म्हणून 'सच अ बॅड डे'. माणसं अनेक असली तरी 'अ' नाही, 'सच गुड पीपल'. मात्र मेनी आणि मच यांच्याआधी, पुढे नाम असलं तरी, 'सो'च येतो. रायबंदरच्या धक्क्यावर 'सो मेनी पीपल' उभे असतात, 'सच मेनी' नव्हे.

'इनफ'बद्दल तुमचं पान चुकलं नाही, त्याबद्दल आभार. एवढंच सुचवते, की 'ओल्ड इनफ'ची उलटी वाक्यरचना मुलांना घोकायला लावू नका. मुलं 'पुरेसा मोठा' असं मनात म्हणतात आणि 'इनफ ओल्ड' लिहून बसतात. त्याऐवजी त्यांना 'मत देण्याइतकी मोठी' असं मराठी द्या, आणि 'तेवढं वय झालं का?' असं विचारा. सतरा वर्षांची मुलगी मत देण्याइतकी मोठी नाही, म्हणून 'नॉट ओल्ड इनफ टू व्होट'. तीच गोष्ट 'टू'ने सांगायची तर विशेषण उलटं करावं लागतं, 'टू यंग टू व्होट'. 'टू ओल्ड टू व्होट' असं एका मुलीने लिहिलं होतं, तेव्हा तिचे आजोबा, म्हणजे माझे यजमान, दोन दिवस रुसून बसले होते. आणि नाम असेल तर 'इनफ' त्याच्या आधीच बसतो, 'इनफ मनी'. तिथे मराठीप्रमाणेच चालतं, म्हणून मुलं तिथे चुकत नाहीत.

आणि हो, तुमच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या पानावर 'माय मदर इज टू स्वीट' असं रोज कोणी ना कोणी छापून घेतं. जाहिरातीचे पैसे घेता तर निदान शब्द तरी बघत जा. आपलं 'फार' दोन्ही कामं करतं. 'फार छान' म्हटलं की कौतुक, 'फार झालं' म्हटलं की तक्रार. इंग्रजीतल्या 'टू'ला बहुतेक वेळा दुसरंच काम जमतं. आई 'टू स्वीट' म्हणजे, नको इतकी गोड. तिथे 'व्हेरी' किंवा 'सो' चाललं असतं.

माझी मागणी मोठी नाही. येत्या विद्यार्थी पानावर, बारीक टायपात का होईना, 'इट' परत करा. म्हणजे नात ते कात्रण घेऊन टीचरकडे जाईल. गुण मिळो न मिळो, तिचा हट्ट आहे.

आता दुसरी गोष्ट. पावसाळ्यात तुमचा पोऱ्या पेपर फाटकावरून आत फेकतो, तो सरळ पाण्यात पडतो. एजंटला दोनदा सांगितलं, पिशवीत घालून टाक म्हणून. तो हो म्हणतो. पुढच्या स्वाध्यायाला वाक्य कमी पडलं तर हे घ्या, 'द पेपर इज टू वेट टू रीड.' उत्तरात 'सो वेट दॅट आय कॅनॉट रीड इट' असं छापा. 'इट' विसरलात, तर फोंड्यातली म्हातारी अडाणी आहे असा अर्थ होईल.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, फोंडा