‘कमाल तोटा’ नव्हे, तोट्याचा उंबरठा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पुरवणीत गेल्या आठवड्यात गुंतवणुकीतील जोखमीवर जो लेख आला, त्यात ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’ म्हणजे ‘एका दिवसात होऊ शकणारा कमाल तोटा’ अशी व्याख्या दिली आहे. मी बँकेच्या ट्रेझरी विभागात बरीच वर्षे हाच आकडा रोज संध्याकाळी काढत असे, म्हणून सांगावेसे वाटते की ही व्याख्या नेमकी उलटी आहे. कमाल तोटा किती होईल, हे हा आकडा सांगतच नाही.

माझ्या शेजाऱ्यांचे उदाहरण घेतो. त्यांची गुंतवणूक पाच लाखांची. त्यांपैकी अडीच लाख निफ्टीच्या ईटीएफमध्ये, दीड लाख एका खासगी बँकेच्या शेअरमध्ये आणि एक लाख एका आयटी कंपनीत. (आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत.) २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आम्ही दोघांनी त्यांच्या संगणकावर हा हिशोब मांडला. तिन्हींचे मागील ५०१ दिवसांचे बंद भाव घेतले, त्यांतून प्रत्येकाचे ५०० दिवसांचे टक्क्यांतील चढउतार काढले आणि ते आजच्या रकमांना लावले. ‘आजच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आयटीचा शेअर नव्हताच, पण त्याने बिघडत नाही. कारण प्रश्न असा आहे की, आज हातात जे आहे ते घेऊन आपण त्या दिवशी बाजारात असतो, तर काय झाले असते?

समजा त्यांतल्या एका दिवशी निर्देशांक १.२ टक्के घसरला, बँकेचा शेअर २ टक्के घसरला आणि आयटीचा अर्धा टक्का वाढला. मग ईटीएफमध्ये ३,००० रुपये गेले, बँकेत ३,००० गेले, आयटीत ५०० आले. एकूण तोटा ५,५०० रुपयांचा. तिन्ही भाव एकाच तारखेचे असल्यामुळे एक पडताना दुसरा कितपत सावरतो, हे या बेरजेत आपोआप येते. त्यासाठी वेगळे गणित लागत नाही. अशा ५०० बेरजा एका स्तंभात मांडल्या की त्यांतील सर्वांत वाईट पाच टक्के, म्हणजे २५ दिवस, बाजूला काढायचे. स्प्रेडशीटमध्ये एक ओळ पुरते:

```
=SMALL(F2:F501,25)
```

शेजाऱ्यांच्या बाबतीत उत्तर आले उणे ७,४००. म्हणजे ९५ टक्के विश्वासपातळीवर एका दिवसाची व्हॅल्यू ॲट रिस्क ७,४०० रुपये. त्यांनी लगेच विचारले, “म्हणजे यापेक्षा जास्त जाणार नाही ना?”

आपल्या लेखातील व्याख्या मानली, तर त्यांना ‘हो’ असे सांगावे लागले असते. खरे वाचन असे आहे: पुढचे दिवस मागच्या ५०० दिवसांसारखेच राहिले, तर वीसपैकी एकोणीस दिवशी तोटा ७,४०० च्या आत राहील आणि विसाव्या दिवशी तो त्याहून जास्त असेल. महिन्यात बाजार साधारण वीस-एकवीस दिवस चालतो, तेव्हा ही रेषा महिन्यातून एकदा ओलांडली जाणे हे अपघाताचे नव्हे, हिशोब बरोबर असल्याचे लक्षण आहे. हा आकडा उंबरठ्यासारखा आहे. त्याच्या पलीकडे अंगण आहे की विहीर, हे उंबरठ्याला ठाऊक नसते.

पलीकडचे पाहायचे तर ते बाजूला काढलेले २५ दिवस उघडून वाचावेत. आम्ही ते वाचले. त्यांची सरासरी १०,९०० रुपये निघाली आणि सर्वांत वर होता ४ जून २०२४, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. त्या दिवशी निफ्टी ५.९३ टक्के घसरला. म्हणजे केवळ ईटीएफच्या अडीच लाखांवर सुमारे १४,८०० रुपये, उंबरठ्याच्या दुप्पट, आणि बँकेचा शेअर यात धरलेलाच नाही. माझ्या मते छोट्या गुंतवणूकदाराला ७,४०० पेक्षा १०,९०० हा आकडा अधिक उपयोगी आहे, कारण वाईट दिवस उगवलाच तर साधारण किती जाते, ते तो सांगतो. बँकांसाठीच्या बाझल नियमांनीही पुढे याच कारणाने उंबरठ्यापलीकडच्या दिवसांच्या सरासरीकडे मोर्चा वळवला.

आता या पद्धतीचे दुखणे. तिला स्वतःच्या खिडकीबाहेरचे काहीच दिसत नाही. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात जवळजवळ १३ टक्के कोसळला होता; शेजाऱ्यांच्या यादीत तो दिवस नाही, कारण ५०० दिवसांची खिडकी तिथवर पोहोचतच नाही. खिडकी लहान आणि विश्वासपातळी मोठी असेल, तर गंमत आणखी वाढते. २५० दिवस आणि ९९ टक्के घेतले, की अख्खा आकडा दोन-तीन दिवसांवर उभा राहतो. अशा हिशोबात ४ जून २०२४ हा दिवस वर्षभराने खिडकीतून बाहेर पडला, की जोखीम एका रात्रीत कमी झालेली दिसते. वास्तविक ना शेअर बदललेले असतात, ना बाजार.

दुसरी चूक अधिक घरगुती आहे. आमच्या पहिल्या प्रयत्नात बँकेच्या शेअरने एका दिवशी ५० टक्के आपटी खाल्लेली दिसली आणि शेजारी हादरले. तो एकास एक बोनसचा दिवस होता. भाव निम्मा झाला, शेअर दुप्पट झाले, तोटा काहीच नव्हता. एक्स्चेंजच्या भावकॉपीत भाव असे समायोजित केलेले नसतात. म्हणून २० टक्क्यांवरचा प्रत्येक चढउतार हाताने तपासावा, असा माझा नियम आहे.

आकडा बरोबर आहे का, हे वहीतही तपासता येते. रोज आदल्या संध्याकाळचा आकडा आणि दुसऱ्या दिवसाचा तोटा शेजारी-शेजारी लिहावा. त्यात नवी खरेदी किंवा काढलेले पैसे मिसळू नयेत. २५० दिवसांत रेषा बारा-तेरा वेळा ओलांडली जाणे अपेक्षित आहे. सहा ते एकोणीस वेळा ओलांडली गेली तरी तो योगायोगाचा खेळ समजावा. पंचवीस वेळा झाली, तर आकडा जोखीम कमी दाखवतो आहे. संख्या बरोबर असून सगळी ओलांडणी एकाच पंधरवड्यात झाली असेल, तरीही काळजीचे आहे, कारण बाजार खवळल्यावर जुने शांत दिवस आकड्याला खाली ओढून धरतात आणि तो वेळेवर वर चढत नाही.

तेव्हा आपल्या पुरवणीत यापुढे हा आकडा छापताना त्यासोबत विश्वासपातळी, किती दिवसांचे भाव घेतले ती संख्या आणि रेषेपलीकडच्या दिवसांची सरासरी द्यावी, तसेच ‘कमाल तोटा’ या शब्दांची दुरुस्ती पुढील अंकात प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
सातारा